कोणत्या प्रयोगाचं किती ऐकायचं?

हवेतला कार्बन डायऑक्साइड जवळपास दुप्पट केला, तर झाडांची रोपं साधारण २९ टक्के जास्त वजन धरतात. हवामानबदलावरच्या लेखांतून, व्याख्यानांतून हे विधान अनेकदा पुढे येतं. कधी धीर देण्यासाठी, तर कधी वादात समोरच्याला गप्प करण्यासाठी. पण ते कोणा एका शास्त्रज्ञाने एका प्रयोगात मोजलेलं नाही. पीटर कर्टिस आणि शियानझाँग वांग या दोघांनी १९९८ साली तोवरच्या प्रयोगांचे ५०० हून जास्त निष्कर्ष गोळा केले. त्यांत झाडांचं एकूण वजन मोजणाऱ्या जेवढ्या तुलना होत्या, त्यांतून हा आकडा आला. पुढच्याच वर्षी लॅरी हेजेस, जेसिका गुरेविच आणि कर्टिस यांनी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात, असे निष्कर्ष एकत्र कसे करावेत याची रीत मांडली आणि उदाहरण म्हणून हीच आकडेवारी घेतली. पर्यावरणशास्त्रात आज ही रीत सगळीकडे वापरली जाते. तिचं नाव मेटा-अ‍ॅनालिसिस, आणि तिच्या पोटात दोन हिशेब आहेत. पहिला, प्रत्येक प्रयोगात परिणाम किती झाला ते एकाच मापात बसवण्याचा. दुसरा, कोणत्या प्रयोगाला किती वजन द्यायचं हे ठरवण्याचा.

पहिला हिशेब बहुतेकांना कळतो. दुसरा मात्र संगणकावर सोडून दिला जातो, आणि माझ्या मते गफलती होतात त्या तिथेच. म्हणून हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या हिशेबाचा आहे.

आधी, हे सगळं करायचंच कशाला? एकाच प्रश्नावर शंभर शोधनिबंध असले, तर वाचून मत बनवायची जुनी पद्धत म्हणजे मोजणी: इतक्यांत परिणाम दिसला, इतक्यांत दिसला नाही, बहुमत अमुक बाजूला. यात घोळ असा की ‘परिणाम दिसला नाही’ याचे अर्थ दोन असतात. खरोखरच परिणाम नसेल, किंवा परिणाम असेल पण रोपं इतकी थोडी होती की फरक खात्रीने सांगता आला नाही. पाच रोपं वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये आणि पाच साध्या हवेत, एवढ्यावर १५ टक्क्यांचा फरक सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. असे वीस छोटे प्रयोग झाले आणि प्रत्येकात १५ टक्के वाढ दिसली, तरी मोजणी सांगेल की वीसपैकी वीस प्रयोगांत काही आढळलं नाही. माहिती हातात असून ती फेकून देण्याचाच हा प्रकार. मेटा-अ‍ॅनालिसिस ‘दिसला की नाही’ हे विचारतच नाही. ते विचारतं, किती दिसला आणि तो आकडा किती पक्का आहे.

एक खरी तुलना घेऊ. रेड ऑल्डर हे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं झाड. त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नायट्रोजन बांधून ठेवणारे जिवाणू राहतात. त्याची रोपं अर्ध्या लिटरच्या कुंड्यांत ४७ दिवस वाढवली. काही रोपांना दशलक्ष भागांत ३५० भाग कार्बन डायऑक्साइड असलेली हवा, म्हणजे तेव्हाची नेहमीची, आणि काहींना ६५० भाग असलेली. शेवटी रोपं काढून त्यांचं वजन केलं. कर्टिस यांच्या तक्त्यातल्या पहिल्याच ओळीत ही तुलना आहे: वाढीव हवेत तीन रोपं, सरासरी वजन ६.८२. साध्या हवेत पाच रोपं, सरासरी ३.९५. एकक मी मुद्दाम सोडून दिलं आहे, कारण पुढे त्याची गरजच पडत नाही. ६.८२ ला ३.९५ ने भागलं की १.७३ येतात. वजन ग्रॅममध्ये मोजा नाहीतर तोळ्यात, हे गुणोत्तर बदलत नाही. त्यामुळे इवलं रोप आणि दहा वर्षांचं झाड, पानांचं वजन आणि मुळांचं वजन, सगळे एका तक्त्यात शेजारी बसू शकतात.

पण गुणोत्तरांची थेट सरासरी काढली तर ती फसवते. समजा एका प्रयोगात वजन दुप्पट झालं आणि दुसऱ्यात निम्मं. दोन्ही मिळून परिणाम शून्य म्हणायला हवा. पण २ आणि ०.५ यांची सरासरी १.२५ भरते, म्हणजे कुठूनतरी २५ टक्के वाढ उगवली. कारण गुणोत्तराची पट्टी एका बाजूला आखूड असते. घट कितीही झाली तरी ती ० आणि १ यांच्या दरम्यान कोंबावी लागते, वाढीला मात्र मोकळं रान. यावरचा इलाज म्हणजे गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम घेणं. दुपटीचा लॉग ०.६९ आणि निम्म्याचा लॉग उणे ०.६९. दोघांची सरासरी शून्य, जशी असायला हवी तशी. परिणाम काहीच नसेल तर गुणोत्तर १ आणि त्याचा लॉग ०. या आकड्याला लॉग रिस्पॉन्स रेशो म्हणतात. आपल्या ऑल्डरच्या तुलनेत तो ०.५४७ येतो. शेवटी उत्तर सांगताना लॉग उलटवायचा, की पुन्हा टक्केवारी मिळते: ०.५४७ म्हणजे १.७३ पट, म्हणजे ७३ टक्के वाढ.

त्याच शोधनिबंधात याच झाडाची दुसरी तुलना आहे, पोषणाची परिस्थिती वेगळी ठेवून केलेली. तिथे वाढीव हवेतल्या पाच रोपांचं सरासरी वजन २.६० आणि साध्या हवेतल्या पाच रोपांचं २.२५. लॉग रिस्पॉन्स रेशो ०.१४३, म्हणजे १५ टक्के वाढ. आणि तक्त्यात थोडं खाली, वेगळ्याच शोधनिबंधातली एक तुलना उलटी बोलते. वाढीव हवेत ५.९१, साध्या हवेत ६.६२, पुन्हा पाच-पाच रोपं. लॉग रिस्पॉन्स रेशो उणे ०.११३, म्हणजे ११ टक्के घट.

एक सांगतो ७३ टक्के वाढ, दुसरा १५ टक्के, तिसरा घट. तिघांचे लॉग घेऊन सरळ सरासरी काढली तर २१ टक्के वाढ निघते. पण तिघांचं सारखंच ऐकावं का?

त्यासाठी प्रत्येक तुलना किती डळमळीत आहे हे पाहावं लागतं. पहिल्या तुलनेतल्या तीन रोपांची सरासरी ६.८२ असली, तरी रोपारोपांत बराच फरक होता. प्रमाण विचलन १.७७, म्हणजे सरासरीच्या सुमारे २६ टक्के. हीच तीन रोपं पुन्हा नव्याने लावली असती तर सरासरी ६ आली असती किंवा ७.५ आली असती. साध्या हवेतल्या रोपांचं प्रमाण विचलन १.१२, म्हणजे त्यांच्या सरासरीच्या २८ टक्के. गुणोत्तरात दोन्ही सरासऱ्या असतात, म्हणून दोघींचा डळमळीतपणा त्यात उतरतो आणि त्याची बेरीज होते. हेजेस आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र असं आहे:

```
lnRR = ln( X_T / X_C )
v    = SD_T² / (n_T · X_T²)  +  SD_C² / (n_C · X_C²)
w    = 1 / v
```

T म्हणजे वाढीव हवेतली रोपं, C म्हणजे साध्या हवेतली. X सरासरी, SD प्रमाण विचलन आणि n रोपांची संख्या. सूत्र दिसतं तेवढं अवघड नाही. प्रमाण विचलन हे सरासरीच्या किती पट आहे ते पाहायचं, त्याचा वर्ग करायचा, रोपांच्या संख्येने भागायचं. हेच दोन्ही बाजूंसाठी करून बेरीज घ्यायची. पहिल्या तुलनेत वाढीव हवेच्या बाजूने ०.०२२५ येतात, साध्या हवेच्या बाजूने ०.०१६०, मिळून ०.०३८५. हा झाला व्हेरिअन्स, त्या तुलनेच्या अनिश्चिततेचं माप. लक्षात घ्या, वाढीव हवेत तीनच रोपं होती म्हणून त्या बाजूने भर जास्त पडली. तिथेही पाच असती तर व्हेरिअन्स बराच उतरला असता.

दुसऱ्या तुलनेचा व्हेरिअन्स ०.०१७७ येतो आणि तिसरीचा ०.०२९५. आता भार ठरवायचा: एकाला व्हेरिअन्सने भागायचं. जितकी अनिश्चितता जास्त तितका भार कमी. पहिलीचा भार २६, दुसरीचा ५६, तिसरीचा ३४. एकूण ११६. म्हणजे एकूण निकालात पहिल्या तुलनेचा आवाज २२ टक्के, दुसरीचा ४९ आणि तिसरीचा २९. प्रत्येकीच्या परिणामाला तिच्या भाराने गुणून, बेरीज करून, ११६ ने भागलं की उत्तर ०.१५८ येतं, म्हणजे १७ टक्के वाढ. साध्या सरासरीने आलेले २१ टक्के उतरून १७ झाले, कारण ७३ टक्के सांगणारी तुलना सगळ्यांत डळमळीत होती.

या उत्तराची स्वतःची अनिश्चिततासुद्धा त्याच भारांतून निघते. एकाला ११६ च्या वर्गमुळाने भागायचं, ०.०९३ येतात. त्याच्या साधारण दुप्पट दोन्ही बाजूंना धरलं की ९५ टक्के खात्रीचा पल्ला मिळतो. इथे तो २ टक्के घटीपासून ४० टक्के वाढीपर्यंत जातो. म्हणजे या तीन तुलनांच्या जोरावर वाढ होतेच असं ठामपणे म्हणता येत नाही.

इथपर्यंतचं गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. खरी जोखीम आकडे कागदावरून उचलताना असते. आणि इथे मला एका चुकीबद्दल जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तिने केलेलं नुकसान उत्तराकडे पाहून कळत नाही.

शोधनिबंधात सरासरीच्या शेजारी ± करून एक आकडा छापलेला असतो, किंवा आलेखात खांबाच्या डोक्यावर एक छोटी उभी रेघ असते. तो आकडा कधी प्रमाण विचलन असतो, कधी स्टँडर्ड एरर. प्रमाण विचलन सांगतं की रोपं एकमेकांपासून किती वेगळी आहेत. स्टँडर्ड एरर सांगतो की त्यांची सरासरी किती हलू शकते, आणि तो प्रमाण विचलनाला रोपांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून मिळतो. पाच रोपं असतील तर तो निम्म्याहून कमी भरतो. लेखक पुष्कळदा सांगायचंच विसरतात की त्यांनी यातलं काय छापलं आहे.

आता आपल्या दुसऱ्या तुलनेत, १५ टक्केवालीत, स्टँडर्ड एररच छापला आहे आणि आपण तो प्रमाण विचलन समजून सूत्रात घातला असं समजा. सूत्र त्याला पुन्हा एकदा पाचने भागणार. व्हेरिअन्स पाचपट लहान होऊन ०.००३५ येणार. भार ५६ वरून थेट २८२. म्हणजे तिघींपैकी त्या एकटीचा आवाज ८२ टक्के. एकूण उत्तर १७ वरून १६ टक्क्यांवर येतं, इतका किरकोळ बदल की कोणाच्या डोळ्यात भरणार नाही. पण खात्रीचा पल्ला बघा: आता तो ४ टक्के वाढीपासून २९ टक्के वाढीपर्यंत. शून्य पल्ल्याबाहेर गेलं! रोप एकही वाढलं नाही, कुंडी एकही बदलली नाही. आकडा चुकीच्या रकान्यात गेला, आणि ‘ठामपणे सांगता येत नाही’चं ‘वाढ निश्चित होते’ झालं.

ही चूक पकडायची कशी? प्रमाण विचलन सरासरीच्या किती टक्के आहे हे प्रत्येक ओळीसाठी काढून उतरत्या क्रमाने लावायचं. वरच्या तीन तुलनांत हे प्रमाण साधारण १५ ते ३० टक्के आहे, आणि कुंडीत वाढवलेल्या रोपांकडून तशीच अपेक्षा असते. चुकून घेतलेल्या स्टँडर्ड एररने तेच प्रमाण साध्या हवेतल्या रोपांसाठी ६ टक्के दिसलं असतं. कारखान्यातून आल्यासारखी एकसारखी रोपं दिसली की मूळ निबंध उघडून आलेखाखालची ओळ वाचायची. तिथेही उलगडा झाला नाही, तर निबंधातच दिलेल्या सांख्यिकीय चाचणीचा आकडा आपण काढलेल्या विचलनाशी जुळतो का ते पाहायचं. आणि एवढं करूनही शंका उरली, तर ती ओळ वगळून आणि ठेवून असं दोनदा उत्तर काढायचं. हे काम कंटाळवाणं आहे. मेटा-अ‍ॅनालिसिसची विश्वासार्हता मात्र बहुतांशी या कामावर ठरते, कोणती प्रगत पद्धत वापरली यावर तितकीशी नाही.

कित्येक निबंधांत प्रमाण विचलन दिलेलंच नसतं. असे निबंध वगळले तर जुने आणि दूरच्या देशांतले बरेच प्रयोग बाहेर पडतात. शिन्इची नाकागावा आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली यावर एक सोपा तोडगा मांडला: प्रत्येक तुलनेचं स्वतःचं विचलन वापरण्याऐवजी सगळ्या तुलनांमधून सरासरीच्या प्रमाणात विचलन किती असतं ते काढायचं आणि व्हेरिअन्सच्या सूत्रात तेच सगळ्यांना लावायचं. मग भार मुख्यतः रोपांच्या संख्येवर ठरतो. मला हा तोडगा पटतो आणि त्याचं कारण नुसतं सोय हे नाही. तीन रोपांवरून काढलेलं प्रमाण विचलन स्वतःच फार डळमळीत असतं. योगायोगाने तीन रोपं सारखी निघाली तर त्या प्रयोगाला उगाच मोठा भार मिळतो. शेकडो तुलनांमधून काढलेल्या प्रमाणाला असा योगायोग लागत नाही.

आता भाराच्या दुसऱ्या बाजूकडे. वरच्या हिशेबात आपण गृहीत धरलं की सगळ्या प्रयोगांमागे खरा परिणाम एकच आहे आणि आकडे वेगवेगळे दिसतात ते निव्वळ योगायोगाने. पण ऑल्डर म्हणजे ओक नव्हे, आणि भरपूर पोषण मिळालेलं रोप म्हणजे उपाशी रोप नव्हे. खरा परिणामच जागोजागी वेगळा असणार. हे तपासता येतं: प्रत्येक तुलना भारित सरासरीपासून किती लांब आहे त्याचा वर्ग करायचा, भाराने गुणायचं, बेरीज करायची. सगळा फरक योगायोगाचा असता तर तीन तुलनांसाठी ही बेरीज सरासरीने दोनच्या आसपास यायला हवी. ती येते ६.४. म्हणजे तुलनांमध्ये योगायोगापलीकडचा फरक असावा.

हा फरक मोजून तो प्रत्येक तुलनेच्या व्हेरिअन्समध्ये मिळवतात. आपल्या उदाहरणात तो ०.०६ येतो, म्हणजे तुलनांच्या स्वतःच्या व्हेरिअन्सपेक्षा मोठा. तो सगळ्यांत सारखाच मिळवल्यामुळे भार एकमेकांच्या जवळ येतात: २२, ४९ आणि २९ टक्क्यांचे होतात ३०, ३८ आणि ३३ टक्के. उत्तर २० टक्के वाढ, आणि खात्रीचा पल्ला १५ टक्के घटीपासून ६७ टक्के वाढीपर्यंत पसरतो. तीनच तुलनांवरून हा वाढीव फरक नीट मोजता येत नाही हे खरं, पण दिशा बरोबर आहे. प्रयोग मुळातच एकमेकांपेक्षा वेगळे असतील, तर एखादा प्रयोग कितीही काटेकोर असला तरी तो फक्त स्वतःच्या जागेबद्दल बोलतो. त्याला इतरांच्या डोक्यावर बसू देण्यात अर्थ नाही. पर्यावरणशास्त्रात आता जवळजवळ सगळे हीच रीत वापरतात.

कर्टिस यांच्या तक्त्यात वजनाच्या १०२ तुलना आहेत. तो तक्ता आर या संगणक-भाषेत सर्वांसाठी मोकळा आहे. वोल्फगांग फीश्टबाउअर यांनी लिहिलेलं metafor नावाचं पॅकेज टाकलं, की ज्याला हवं त्याला हा हिशेब स्वतः करून बघता येतो:

```
library(metafor)
dat <- escalc(measure="ROM",
              m1i=m1i, sd1i=sd1i, n1i=n1i,
              m2i=m2i, sd2i=sd2i, n2i=n2i,
              data=dat.curtis1998)
res <- rma(yi, vi, data=dat, method="DL")
predict(res, transf=exp)
```

पहिल्या ओळीत yi च्या रकान्यात तोच ०.५४७ दिसेल आणि vi च्या रकान्यात ०.०३८५. शेवटचं उत्तर १.२९ च्या आसपास, म्हणजे लेखाच्या सुरुवातीचे २९ टक्के.

पण तुलनांमध्ये खरा फरक आहे हे कळल्यावर एका आकड्यावर थांबणं मला पटत नाही, आणि कर्टिस-वांग थांबलेही नव्हते. त्यांनी तुलनांचे गट पाडले. अनुकूल परिस्थितीतल्या रोपांचं वजन ३१ टक्क्यांनी वाढलं होतं. मातीत पोषण कमी असलेल्या रोपांचं मात्र १६ टक्क्यांनीच. आणि कमी उजेडात वाढलेल्यांचं ५२ टक्क्यांनी. २९ टक्के म्हणजे या सगळ्यांची सरमिसळ. जमिनीत नायट्रोजन किती आहे हे न सांगता तो आकडा पुढे केला, तर त्यातली सगळ्यांत उपयोगी माहिती मागेच राहते.

आणखी एक गोष्ट व्हेरिअन्सला दिसतच नाही. भार फक्त एवढंच विचारतो की तुमची सरासरी किती स्थिर आहे. प्रयोग कशाबद्दल आहे, हे तो विचारत नाही. अर्ध्या लिटरच्या कुंडीत मुळं लवकरच भिंतीला टेकतात, आणि ४७ दिवसांत झाड म्हणजे काय हे रोपाला कळतही नाही. पण अशा कुंड्या बंद कक्षात भरपूर ठेवता येतात, सगळ्यांना एकसारखा उजेड आणि पाणी मिळतं, विचलन कमी राहतं आणि भार चढतो. जंगलातला प्रयोग याच्या अगदी उलट. अमेरिकेत टेनेसीमधल्या ओक रिज इथे उभ्या स्वीटगम झाडांच्या मळ्यात नळ्यांची वर्तुळं उभारून मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड सोडला गेला. अवाढव्य खर्चाचं काम. तिथे वाढीव हवेची वर्तुळं होती दोन आणि साध्या हवेची तीन. सूत्रात n म्हणून दोन आणि तीन जाणार, मग प्रयोग कितीही वर्षं चालो.

कोणी म्हणेल, वर्तुळात झाडं तर पुष्कळ होती, तीच मोजा की. असं करायचं नाही, आणि याचं कारण स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली सविस्तर मांडून ठेवलं आहे. कार्बन डायऑक्साइड दिला गेला तो वर्तुळाला, झाडाला नव्हे. एका वर्तुळाखालची माती चांगली असेल तर त्यातली सगळीच झाडं एकदम चांगली वाढतील, आणि आपण ते श्रेय हवेला देऊ. बंद कक्षांचीही हीच गत: वाढीव हवेचा कक्ष एकच असेल आणि त्यात वीस कुंड्या, तर खऱ्या अर्थाने n वीस नसून एक आहे. निबंधात वीस लिहिलेले असतात, सूत्र वीसने भागतं आणि भार वीसपट होतो. म्हणून आकडे उचलणाऱ्याने ‘कार्यपद्धती’चा भाग वाचून कक्ष किती होते ते मोजावं. तक्त्यातला n तसाच उचलू नये. आपल्या ऑल्डरच्या दोन तुलना एकाच निबंधातल्या होत्या, हेही याच जातीचं. एकाच हातांनी, एकाच जागी झालेली कामं दोन स्वतंत्र साक्षी नसतात, आणि आजची मेटा-अ‍ॅनालिसिसं निबंध हा वेगळा स्तर धरून हे नातं हिशेबात घेतात.

मग जंगलातल्या प्रयोगांना जबरदस्तीने जास्त भार द्यावा का? मला तसं वाटत नाही. स्वतःच्या पसंतीने भार वाढवायला लागलं, की हवं ते उत्तर काढता येतं. त्याऐवजी प्रयोगाचा काळ, कुंडीचा आकार, मोकळी हवा की बंद कक्ष, हे प्रत्येक ओळीपुढे लिहून त्यानुसार उत्तर कसं बदलतं ते पाहावं, आणि कुंडीतला आकडा कुंडीपुरताच सांगावा. ओक रिज इथे काय झालं पाहा. २००१ ते २००३ या काळात वाढीव हवेतल्या वर्तुळांची वार्षिक वाढ साध्या हवेतल्यांपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी जास्त होती, म्हणजे कुंड्यांच्या आकड्याला बरीच धरून. मग मातीतला उपलब्ध नायट्रोजन अपुरा पडू लागला, आणि २००८ साली तो फरक ९ टक्क्यांवर उतरला होता.